ऐकलेल्या तासाची टिपणे काढायला अकरावी-बारावीला कसे शिकवावे? (वह्या ताडून पाहण्याचा घोळ)

समासातली

मी पुण्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. अकरावी कला शाखेच्या माझ्या तुकडीत ५८ मुले आहेत. दहावीपर्यंत यांना फळ्यावरचे उतरवून घेण्याची किंवा शिक्षकांनी सांगितलेले शब्दशः लिहिण्याची सवय लागलेली असते. मी नुसते बोलत राहिले तर अर्धी मुले प्रत्येक वाक्यामागे धावतात आणि तिसऱ्या वाक्याला दम तोडतात, उरलेली पेन खाली ठेवून शांतपणे माझ्याकडे पाहतात.

या वर्षी मी ठरवून सराव घेतला. आठ-नऊ मिनिटांचे एक भाषण तयार करायचे, ते फळ्याला हात न लावता बोलायचे, मुलांनी टिपणे काढायची आणि मग शेजारच्याशी वह्या ताडून पाहायच्या, असा क्रम ठेवला. पहिल्या दोन पायऱ्या बऱ्या झाल्या. तिसरीने मात्र सगळा विचका केला. ताडून पाहा म्हटल्याबरोबर जिची वही जास्त भरलेली दिसते, तिची वही बाक ओलांडून फिरू लागते आणि दहा मिनिटांत सगळ्यांची टिपणे एकसारखी होतात. ताडून पाहण्याचा तास हा उतरवून घेण्याचा तास होऊन बसतो.

माझा प्रश्न एवढाच आहे, की वह्या ताडून पाहण्याचा सराव नेमका कसा घ्यावा, जेणेकरून मुलाला स्वतःच्या टिपणाची रचना कुठे चुकली ते कळेल?

सदाशिवपेठी

आमच्या मुलीसाठी मीही हेच शोधत होतो. अप्पा बळवंत चौकात अकरावीच्या सर्व विषयांच्या तयार नोट्स मिळतात आणि जून उलटला की भावही उतरतो. भूगोलाच्या जरा पातळ असतात, एवढेच.

समासातली

सदाशिवपेठी, आपल्या माहितीबद्दल आभार. तयार नोट्सची माझ्या मुलांकडेही कमतरता नाही. त्या मुलांनी स्वतः काढाव्यात, ही अडचण आहे.

निवृत्त लघुलेखक

माझी ३१ वर्षे सरकारी कार्यालयात लघुलेखनात गेली, म्हणून अधिकाराने लिहितो. मूळ दुखणे वेगाचे आहे. माणूस बोलतो मिनिटाला शंभराच्या पुढे शब्द आणि मूल देवनागरीत लिहिते त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याने. आपल्या लिपीत प्रत्येक शब्दावर शिरोरेषा ओढण्यात वेळ जातो. जुने कारकून मोडी लिहिताना रेघ आधीच आडवी ओढून ठेवत आणि मग हात न उचलता अक्षरे जोडत जात, ते उगाच नव्हे. मुलांना निदान शिरोरेषा सोडायला आणि ठरावीक शब्दांची संक्षिप्त रूपे वापरायला शिकवा, निम्मा प्रश्न तिथेच सुटेल.

पाटीपेन्सिल

लघुलेखक साहेबांचे वेगाचे निरीक्षण बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला अर्धाच पटतो. लघुलेखकाला बोललेले सगळे हवे असते. विद्यार्थ्याला त्यातले काय सोडायचे ते ठरवायचे असते. वेग दुप्पट झाला, तर न निवडता लिहिलेला मजकूर दुप्पट होईल. मी हा प्रयोग करून पाहिला आहे. ज्या मुलींचे अक्षर भरधाव होते, त्यांच्याच टिपणांत मुख्य मुद्दा आणि उदाहरण एकाच ओळीत, एकाच मापाचे पडलेले सापडले.

शिरोरेषेबाबत एक सावधगिरीही सांगतो. ती सोडली की घ आणि ध, म आणि भ यांतला फरक पुसट होतो. भूगोलाच्या वहीत ‘घाट’ आठ दिवसांनी ‘धाट’ वाचला जातो आणि मूल हवामानाच्या पाठातून थेट ज्वारीच्या शेतात पोहोचते. संक्षेपांचेही तसेच आहे. एका मुलीने ‘वा.’ हे वारा, वाफ आणि वार्षिक या तिन्हींसाठी वापरले होते. लिहिताना तिला सगळे स्पष्ट होते. परीक्षेच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडे आली, तेव्हा आम्ही दोघे मिळून ते कोडे सोडवत बसलो. म्हणून एका पाठाला पाचापेक्षा जास्त संक्षेप नकोत आणि ते पानाच्या डोक्यावर आधी लिहून ठेवावेत, असा माझा नियम आहे.

आता मूळ प्रश्नाकडे. समासातली ताई, आपण नेमके कोणते भाषण दिलेत आणि दोन मुलांनी काय लिहिले, ते जसेच्या तसे इथे देऊ शकाल का? त्याशिवाय बोलणे हवेत राहील.

कोथरूडकर अभियंता

कॉर्नेल पद्धत वापरा, वाद संपेल. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील वॉल्टर पॉक यांनी १९५० च्या दशकात ती मांडली. पानाच्या डावीकडे अडीच इंचाची पट्टी, उजवीकडे सहा इंच जागा टिपणांना आणि तळाशी दोन इंच सारांशाला. ऐकता ऐकता डावीकडे कळीचे शब्द आणि उजवीकडे तपशील लिहीत जायचे. आमच्या कंपनीतील प्रशिक्षणात मी सात वर्षे हेच करतो आहे.

पाटीपेन्सिल

मापे आपण बरोबर दिलीत, पण डावी पट्टी ऐकता ऐकता भरायची नसते. ती तास संपल्यावर उजवीकडचे वाचून भरायची असते आणि पुढे उजवी बाजू झाकून, डावीकडच्या प्रश्नांवरून आठवून पाहायचे असते. ऐकतानाच दोन्हीकडे लिहायला लावले, तर मुलाला एकाच वेळी दोन वह्या सांभाळाव्या लागतात. शिवाय आपल्याकडच्या फुलस्केप वहीला आखीव समास मिळतो जेमतेम सव्वा इंचाचा. त्यात प्रश्न मावत नाही म्हणून मुले एकेक शब्द लिहितात आणि एका शब्दावरून काही आठवत नाही. रेघ हाताने मारून घ्यावी लागते.

कोथरूडकर अभियंता

असेल तसे मूळ पद्धतीत, पण मला ऐकतानाच लिहून फायदा झाला आहे आणि मी ते सोडणार नाही. हेही मान्य करतो, की माझ्या प्रशिक्षणात समोर चित्रफीत असते आणि ती मी हवी तेव्हा थांबवू शकतो.

समासातली

पाटीपेन्सिल सर, आपण मागितले तसे देते. भाषणाचा विषय होता, ‘पुण्यात पाऊस कमी का?’ नऊ मिनिटांचे होते. ते मी फोनवर ध्वनिमुद्रित केले होते, म्हणून शब्द नक्की आहेत.

सुरुवातीला मी आकडे दिले. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नसलेल्या पुण्याला सुमारे सातशे. मग नैऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन येतात, हे सांगितले. त्यानंतरचे वाक्य जसेच्या तसे असे होते: “ढग सह्याद्रीला अडतात आणि पाऊस पडतो, असे आपण नेहमी म्हणतो, पण खरे पाहता हवा डोंगर चढते, वर दाब कमी असल्यामुळे ती पसरते, पसरल्यामुळे थंड होते आणि थंड झाल्यावर तिच्यातल्या बाष्पाचे पाणी होते.” पुढे, घाटमाथा ओलांडल्यावर हवा खाली उतरते, दाबली जाऊन तापते आणि पाऊस आटतो, हे आले. मध्ये मी ताम्हिणीच्या सहलीची आठवण सांगितली, कारण मुले पेंगू लागली होती. शेवटी अपवाद सांगितला, की मे महिन्यात आणि ऑक्टोबरच्या सुमारास पुण्यात पडणारा गडगडाटी पाऊस या कारणाने येत नाही, तो तापलेल्या जमिनीवरची हवा वर उठून होतो.

पहिल्या मुलाची वही:

पुणे पाऊस कमी
महाबळेश्वर ५५००, पुणे ७००
वारे अरबी समुद्रावरून बाष्प
ढग सह्याद्रीला अडतात पाऊस पडतो
ताम्हिणी धबधबे
हवा खाली उतरते तापते
ऑक्टोबर गडगडाट

दुसऱ्या मुलीची वही:

पुण्यात पाऊस कमी का?
  – आकडे: म. ५५०० / पुणे ७००
  – कारण
    – वारे + बाष्प
    – ढग सह्याद्रीला अडतात → पाऊस
    – पलीकडे हवा उतरते → तापते → पाऊस नाही
  – अपवाद: मे, ऑक्टो. (जमीन तापून)

दोघांनी वह्या ताडून पाहिल्यावर मुलाने मुलीचे टिपण तसेच्या तसे उतरवले. त्याच्या वहीत आता दोन टिपणे आहेत आणि पहिल्यावर त्याने फुली मारली आहे.

घाटवाट

ताम्हिणीला धबधबे असतात, हे मात्र त्या मुलाने बिनचूक टिपले आहे. पुढच्या आयुष्यात त्याला तेच उपयोगी पडेल.

पाटीपेन्सिल

ताई, आपण दिलेल्या वह्या मी तीनदा वाचल्या. मुलीची वही दिसायला उत्तम आहे. काय कशाच्या पोटात येते, ते तिला कळले आहे. ताम्हिणी तिने गाळली आणि अपवाद वेगळा काढला. पण दोन्ही वह्यांतली एक ओळ पाहा: ‘ढग सह्याद्रीला अडतात.’ आपण जे खोडून काढत होतात, नेमके तेच दोघांनी टिपले आहे. ‘असे आपण नेहमी म्हणतो, पण’ यातला ‘पण’ येईपर्यंत त्यांचे पेन पहिल्या अर्ध्या वाक्यावर होते आणि तो आला तेव्हा लिहिण्याच्या नादात तो त्यांना ऐकूच आला नाही. त्यातून पहिला अर्धा भाग त्यांच्या ओळखीचा होता, लहानपणापासून ऐकलेला. ओळखीचे वाक्य पटकन लिहून होते.

आपल्या प्रश्नाचे उत्तर मला इथे दिसते. दोन वह्या ताडून पाहिल्या की फक्त त्यांच्यातला फरक सापडतो. दोघांनी मिळून केलेली चूक सापडत नाही, उलट ती पक्की होते, कारण दोघांचे जुळले म्हणजे बरोबर असणार, असे मुलांना वाटते. म्हणून वाद मिटवण्याचा मान शेजारच्या वहीला देऊ नये, तो बोललेल्या शब्दाला द्यावा. आपल्याकडे ध्वनिमुद्रण आहे, म्हणजे निम्मे काम झाले आहे.

मी ताडणी अशी घेतो. पहिली चार मिनिटे पेने दप्तरात असतात, बाकावर नसतात. दोन वह्या शेजारी ठेवायच्या आणि मजकूर न वाचता आधी फक्त डावी कड पाहायची: सगळ्यांत डावीकडे कोणत्या ओळी आहेत, त्या दोघांच्या सारख्या आहेत का, एकाने जे पोटात घातले ते दुसऱ्याने मुख्य केले आहे का. जिथे फरक दिसेल तिथे तोंडी भांडायचे. आपल्या मुलाला ‘ताम्हिणी’ कशाच्या पोटात येते हे सांगता आले नसते आणि ती ओळ तिथे का नको, ते त्याचे त्यालाच उमगले असते. मग ध्वनिमुद्रणाचा वादातला तेवढाच तुकडा पुन्हा ऐकवायचा, सगळे भाषण नाही. त्यानंतर हिरवे पेन मिळते आणि जास्तीत जास्त पाच दुरुस्त्या करता येतात. पाचाची मर्यादा घातली की उतरवून घेणे आपोआप बंद होते, कारण कोणत्या पाच, ते निवडावे लागते. मूळ टिपण खोडायचे नाही. निळ्यावर हिरवे दिसले पाहिजे.

बारावी ब

मी विद्यार्थिनी आहे, त्यामुळे लिहू की नको असा विचार करत होते. आमच्याकडेही एक सर असे वह्या ताडून पाहायला लावतात. खरे सांगायचे तर आम्ही कुणाशी ताडून पाहायचे ते वहीवरून ठरवतच नाही, पहिल्या येणाऱ्या मुलीशी ताडून पाहतो. तिने काही चुकीचे लिहिले असले तरी आमचे बरोबर असलेले आम्ही खोडतो. मागच्या चाचणीत सात जणींची एकच चूक झाली आणि सरांना वाटले की आम्ही कॉपी केली. कॉपी केली नव्हती, टिपणे ताडून पाहिली होती.

दुसरे म्हणजे, लिहिताना मला नेहमी भीती वाटते की सोडलेले नेमके परीक्षेत येईल. त्यामुळे ‘महत्त्वाचे तेवढेच लिहा’ हे ऐकले की मी आणखी वेगाने सगळे लिहिते.

पाटीपेन्सिल

बाळ, लिहिलेस ते बरे केलेस. जोड्या शिक्षकाने लावाव्यात, हा मुद्दा माझ्याकडून राहिला होता. साधारण सारख्या ताकदीची दोन मुले एकत्र असली तर भांडण होते, नाहीतर शरणागती होते. भीतीवर माझ्याकडे पक्का उपाय नाही. ‘महत्त्वाचे’ हा शब्द मी वर्गात वापरायचा सोडला, एवढे सांगतो. त्याऐवजी बोलणाऱ्याच्या खुणा शिकवतो. ‘याची तीन कारणे आहेत’ असे ऐकले की १, २, ३ हे आकडे जागा सोडून आधीच लिहून टाकायचे. तिसऱ्या आकड्यापुढे जागा रिकामी राहिली, तर आपले काहीतरी सुटले हे तिथल्या तिथे कळते. ‘असे म्हणतात’, ‘आपल्याला वाटते’ हे ऐकले की पेन उचलून धरायचे आणि ‘पण’ची वाट पाहायची. ‘एक गंमत सांगतो’ म्हटले की हाताला विश्रांती द्यायची.

निवृत्त लघुलेखक

पेन उचलून धरणे ही गोष्ट आमच्या प्रशिक्षणाच्या अगदी उलट आहे, तरी मान्य करावीशी वाटते. मात्र सगळेच वक्ते अशा खुणा देत नाहीत. मी अशा साहेबांचे श्रुतलेखन घेतले आहे, जे ‘तीन मुद्दे आहेत’ म्हणत, पाच सांगत आणि दुसरा दोनदा सांगत. तिथे तुमची मुले काय करणार?

पाटीपेन्सिल

तिथे मुलेच काय, मीही चुकतो. म्हणूनच पहिले महिना-दीड महिना भाषण शिक्षकाने बांधून द्यावे लागते आणि खुणा ठळक ठेवाव्या लागतात. पुढे त्या हळूहळू कमी करायच्या. अस्ताव्यस्त बोलणाऱ्याची टिपणे काढणे जमेपर्यंत बहुतेकांची बारावी उलटते.

समासातली

तीन आठवड्यांनी परत लिहिते आहे, कारण धागा अर्धवट सोडणे बरे दिसले नसते.

आधी ‘पण’चा सराव घेतला. सहा वाक्ये निवडली. त्यातली चार ‘असे वाटते, पण’ या घाटाची होती आणि दोन साधी होती. उदाहरणार्थ, “उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ असते असे अनेकांना वाटते, पण जुलैच्या सुरुवातीला ती सूर्यापासून सर्वांत दूर असते.” प्रत्येक वाक्यानंतर मुलांनी एकच ओळ लिहायची होती. पहिल्या दिवशी १७ मुलांनी ‘पण’नंतरचा भाग लिहिला, चौथ्या दिवशी ४४ जणांनी. काहींनी मात्र साध्या वाक्यांतही पेन उचलून ‘पण’ची वाट पाहिली आणि वाक्य निघून गेले. एका मुलाने तर तक्रार केली, की मॅडम, तुम्ही ‘पण’ म्हणालाच नाहीत.

मग पाटीपेन्सिल सरांनी सांगितल्याप्रमाणे, नव्या भाषणावर, मी लावलेल्या जोड्यांत ताडणी घेतली. पेने दप्तरात ठेवायला लावल्यावर पहिला मिनिटभर वर्ग अगदी ओकाबोका झाला, त्यानंतर आवाज एवढा वाढला की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. हिरव्या पेनाच्या पाच दुरुस्त्या बहुतेकांना पुरल्या. आठ दिवसांनी, पुस्तक न उघडता, फक्त वहीवरून एक प्रश्न सोडवायला दिला. ज्या मुलाने ताम्हिणी लिहिली होती, त्याने कारणांची साखळी नीट लिहिली, फक्त अपवाद कुठे जोडायचा ते त्याला सुचले नाही.

एक गोष्ट अडली आहे. अकरा जोड्यांत काही वादच झाला नाही, कारण दोघांची रचना सारखीच होती आणि त्यातल्या चार जोड्यांत ती सारखीच चुकलेली होती. तिथे ध्वनिमुद्रणाचा कोणता तुकडा ऐकवायचा, हे त्यांना ठरवता येईना. शेवटी मीच बोट ठेवले.

कोथरूडकर अभियंता

अशा वेळी तिसरी वही हवी. दोन जोड्या एकत्र करून पाहा.

पाटीपेन्सिल

चौघांतही एकच चूक निघू शकते, ‘ढग अडतात’ने ते दाखवून दिलेच आहे. मी अशा जोड्यांना शिक्षकाचे टिपण देत असे, पण त्यात मीच एक ओळ मुद्दाम चुकवून ठेवत असे आणि तसे आधी सांगत असे. ती शोधण्यासाठी त्यांना ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकावेच लागे. काही सहकाऱ्यांना हे अजिबात पटले नाही. शिक्षकाने चुकीचे काही लिहून देऊच नये, असे त्यांचे म्हणणे होते आणि त्यावर माझ्याकडे आजही समाधानकारक उत्तर नाही.

समासातली

मलाही ते थोडे धोक्याचे वाटते, कारण माझे टिपण वर्गाबाहेर पडून झेरॉक्सच्या दुकानात पोहोचायला अर्धा तास पुरतो. चुकीच्या ओळीसकट.

सदाशिवपेठी

मॅडम, ती झेरॉक्स कोणत्या दुकानात मिळते?